राजीनाम्याचा मेल आणि चौऱ्याण्णव हजार चारशेचा फरक

राजीनामा इंग्रजीत लिहायचा की मराठीत, यावर मी बराच वेळ घालवला. इंग्रजी नमुने नेटवर ढिगानं मिळतात. त्यातली वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की नाव बदललं की तो कुणाचाही राजीनामा होतो. माझी अडचण वेगळीच होती. आमच्या अण्णांकडे आलेलं कुठलंही इंग्रजी पत्र, बँकेचं असो नाहीतर गिऱ्हाइकाच्या क्वालिटी खात्याचं, ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ताई, काय म्हणतंय ते वाचून सांगा." म्हणजे इंग्रजीत राजीनामा पाठवला असता तर तो मलाच त्यांना वाचून दाखवावा लागला असता. मराठीत लिहिला.

आमची फर्म भागीदारीतली, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ असे दोघे भागीदार. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, आमच्या शॉपमध्ये टर्निंग-ड्रिलिंग करायचं, काही काम बाहेर जॉबवर्कला द्यायचं आणि तयार भाग पंप बनवणाऱ्या कंपन्यांना पुरवायचे, असा धंदा. उलाढाल अठरा कोटींच्या आसपास. हिशेबाच्या केबिनमध्ये मी, बिलं करणारा एक मुलगा आणि एक प्रिंटर, जो दर पावसाळ्यात कागद अडकवायचा. २०१७ च्या सप्टेंबरात मी रुजू झाले तेव्हा जीएसटी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि सगळेच चाचपडत होते. ते चाचपडणं संपून काम हाताला बसलं, मग इतकं बसलं की नवं काही शिकायला उरलं नाही. पुण्यात एका मोठ्या कारखान्यात कॉस्टिंगच्या कामाची संधी आली आणि मी ती घेतली. भांडण नाही, पगारावरून रुसवा नाही. असं सोडून जाणं सोपं असेल असं लोकांना वाटतं. उलट भांडून जाणाऱ्याला मागचं काही बांधून ठेवावं लागत नाही.

कधी सांगायचं हे मी कॅलेंडर बघून ठरवलं. अकाउंटंटचं वर्ष तारखांवर चालतं. त्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत वाढून ७ ऑक्टोबर झाली होती. ऑडिट चालू असताना राजीनामा देणं म्हणजे सीएंच्या ऑफिसला आणि अण्णांना एकाच वेळी घोर लावणं. ते मला नको होतं. ऑडिट अपलोड झालं, ११ तारखेला जीएसटीआर-१ गेला, १२ ला दसरा झाला. १५ ऑक्टोबरला मी मेल पाठवला. नेमणूक पत्रात दोन महिन्यांची नोटीस होती, म्हणून शेवटचा दिवस १४ डिसेंबर. ही तारीखही मुद्दाम अशी बसवली होती. नोव्हेंबर महिन्याचा जीएसटीआर-१ म्हणजे ११ डिसेंबर, तो माझ्या देखत जाणार होता. नवा माणूस दिवाळीनंतर आला तरी नोव्हेंबरमध्ये मी करणार आणि तो बघणार, डिसेंबरमध्ये तो करणार आणि मी बघणार. चार्ज द्यायला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. नुसतं शेजारी बसून "हे असं, ते तसं" सांगितलेलं कुणाच्याही डोक्यात राहत नाही.

मेल पाठवण्याआधी सकाळी अण्णांना केबिनमध्ये गाठून तोंडी सांगितलं. मालकाला अशी बातमी मोबाइलच्या स्क्रीनवर कळू नये. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पगाराचं काय असंल तर बोला की."

म्हटलं, "पगाराचं नाही अण्णा. काम वेगळं आहे तिथं."

"मग सांगितलं तेवढं बास झालं. मेल कशाला आणि?"

"नोटीस कुठल्या तारखेपासून धरायची, ते कागदावर नको? उद्या तुम्ही म्हणाल दोन महिने झाले नाहीत, मी म्हणेन झाले."

"मी कशाला म्हणतोय तसं," अण्णा म्हणाले. पण हसले. त्यांनाही माहीत होतं की हिशेब लिहिणारीनं तारखेचा हिशेब तोंडी ठेवला तर ते शोभणार नाही.

मेल असा होता:

विषय: राजीनामा आणि चार्ज देण्याबाबत

आदरणीय अण्णा आणि काका,

सकाळी आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी अकाउंटंट पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातल्या दोन महिन्यांच्या नोटिशीनुसार माझा शेवटचा दिवस शनिवार, १४ डिसेंबर २०२४ हा असेल. पुण्यात कॉस्टिंगच्या कामाची संधी मिळाली आहे, एवढंच कारण.

२०१९ च्या पुरात हायवे बंद होता, मशीन बंद होती, तरी त्या महिन्याचा पगार सगळ्यांना सात तारखेला मिळाला. तो जमा करताना मी खात्यातली शिल्लक बघितली होती, म्हणून तो किती अवघड होता हे मला माहीत आहे. ते मी विसरणार नाही.

चार्ज देण्याचं असं ठरवलं आहे: सप्टेंबरपर्यंतच्या सर्व मोठ्या पार्ट्यांचे खातेउतारे मागवून जुळवून देईन. २५ ऑक्टोबरचा आयटीसी-०४ आणि ३१ ऑक्टोबरची टीडीएस रिटर्न मी स्वतः भरेन. नवा माणूस आला की त्याच्याबरोबर एक पूर्ण महिना काम करेन. लॉगिन, डिजिटल सही, मोबाइल नंबर यांची यादी बंद पाकिटात आपल्याकडे देईन, मेलवर पाठवणार नाही.

मी गेल्यावर ३१ जानेवारी २०२५ पर्यंत संध्याकाळी सातनंतर फोनवर विचारलेलं काहीही सांगेन. एंट्री किंवा रिटर्न मात्र इथल्याच माणसानं करावी, मी बाहेरून करणार नाही.

शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीचं पत्र मिळावं, आणि डिसेंबरचं पीएफ भरताना माझी सोडण्याची तारीख नोंदवली जावी, ही विनंती.

आपली, आणि खाली माझं नाव.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्या खर्ड्यात "केव्हाही फोन करा" असं होतं, आणि ते मनापासूनच होतं. पण ओळखीतल्या एका अकाउंटंटचं काय झालं ते मी बघितलं होतं. त्यांनीही असंच लिहिलं होतं. नोकरी सोडून दोन वर्षं झाली तरी जुन्या मालकाचं रिटर्न ते रात्री घरून भरत होते, कारण नाही म्हणायला तारीखच नव्हती. मग एका नोटिशीत त्यांनी भरलेला आकडा चुकल्याचं निघालं आणि सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली, जेव्हा त्यांचा तिथं काही अधिकार उरलेला नव्हता. म्हणून मी दोन गोष्टी लिहिल्या, किती दिवस आणि काय करणार नाही. ३१ जानेवारी ही तारीखही हवेतून काढलेली नव्हती. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या टीडीएस रिटर्नची ती मुदत असते. म्हणजे नव्या माणसाचं पहिलं तिमाही रिटर्न माझ्या फोनच्या टप्प्यात येत होतं. जीएसटीचं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबरला, तेही त्याच्या आत.

लॉगिनची यादी मेलवर का नाही, तर मेल कुणाकुणाला पुढे जाईल सांगता येत नाही. आमच्याकडे काकांचा मेल त्यांचा पुतण्याही उघडतो.

आता खातेउताऱ्यांचं. मेलमध्ये ते एका वाक्यात येऊन गेलं, पण ऑक्टोबरचे उरलेले दिवस त्यातच गेले. चार्ज देताना ज्याचं त्याचं येणं-देणं जुळवून द्यावं, नाहीतर नवा माणूस पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या जुन्या फरकांचं ओझं वाहतो आणि नवा फरक कुठला, जुना कुठला, हे त्याला कळतच नाही. बहुतेक पार्ट्या जुळल्या. एका पंपवाल्या कंपनीचं मात्र जुळेना. आमच्या टॅलीत त्यांच्याकडून येणं दिसत होतं त्यापेक्षा त्यांचा उतारा ९४,४०० रुपयांनी कमी दाखवत होता. ती कंपनी बिलावार पैसे देत नाही, महिन्याला एक ठोक रक्कम पाठवते आणि आम्ही ती खात्यावर जमा करतो. अशा खात्यात काही कापलं गेलं तर ते लगेच दिसत नाही, रकमांच्या गर्दीत बुडून जातं. ऑडिटच्या वेळीही त्यांच्याकडून शिल्लक कळवणारं पत्र आलं नव्हतं.

फरक हातात आला की आधी त्याला १.१८ नं भागायचं, ही माझी सवय. आमच्या मालावर जीएसटी १८ टक्के. ९४,४०० ला १.१८ नं भागलं की बरोबर ८०,००० येतात, एकही पैसा इकडं-तिकडं नाही. याचा अर्थ हा फरक जीएसटी लागलेल्या कुठल्यातरी कागदाचा आहे. बँकेचा नाही, टीडीएसचा नाही. टीडीएसचा असता तर १९४क्यू प्रमाणे कापलेला ०.१ टक्का असता आणि तो असा गोल आकडा देत नाही. भागाकार वेडावाकडा आला असता तर मी आधी बँकेची पासबुकं बघितली असती. एवढ्यानं शोधायची जागा निम्म्यानं कमी झाली.

त्यांच्या अकाउंट्सला फोन केला. तिथून दोन डेबिट नोटांच्या प्रती आल्या. पहिली ५९,००० ची, फेब्रुवारीतली: वीस केसिंग रिजेक्ट, प्रत्येकी २,५०० रुपये, म्हणजे ५०,००० आणि त्यावर ९,००० जीएसटी. दुसरी ३५,४०० ची: मार्चमधल्या सहाशे नगांच्या बिलावर नगामागे ५० रुपये दर कमी केला, म्हणजे ३०,००० आणि ५,४०० जीएसटी. बेरीज ९४,४००. आकडे जुळले, पण आकडे जुळल्यानं काम संपत नाही. ते खरं आहे का, हे बघायचं असतं. डेबिट नोट कुणीही काढू शकतं.

केसिंगसाठी मी गेटवरचं आवक रजिस्टर मागवलं. वॉचमनच्या अक्षरात नोंद सापडली: टेम्पोचा नंबर, "केसिंग २० नग परत", पार्टीचं चलन नंबर. माल आला होता. स्टोअरनं उतरवून घेतला होता, आणि तिथून अकाउंट्सला चिठ्ठी यायला हवी ती आली नव्हती. शेडच्या मागे जाऊन बघितलं तर केसिंग अजून तशीच पडून होती. खडूनं "रिजे" लिहिलेलं, पावसानं अर्धवट पुसलेलं. मशीनिंग झालेल्या चकचकीत बाजूवर बारीक भोकं दिसत होती. कास्टिंगमध्ये हवा अडकली की अशी ब्लोहोल राहतात आणि ती कापल्याशिवाय दिसत नाहीत. हा फाउंड्रीचा दोष होता. त्यामुळे आमचाही फाउंड्रीवर दावा निघत होता, पण ते वेगळं प्रकरण. दर कमी केल्याचं पत्र अण्णांच्या मेलमध्ये सापडलं. इंग्रजी होतं. अण्णांनी ते मला वाचायला दिलं नव्हतं. पिग आयर्नचा भाव उतरला म्हणून दर खाली आणायचं दोन्ही बाजूंनी फोनवर ठरलं होतं आणि अण्णांनी "ठीक आहे" म्हणून टाकलं होतं.

म्हणजे दोन्ही रकमा खऱ्या होत्या. आम्ही त्यांना क्रेडिट नोट द्यायला हवी होती. इथं मला घाई झाली, आणि तिचं कारण बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट देऊन कर कमी करायचा असेल तर ती पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरच्या आत रिटर्नमध्ये दाखवावी लागते. ही विक्री २०२३-२४ मधली, म्हणून मुदत ३० नोव्हेंबर २०२४. वाटतं की अजून महिना आहे. पण नोव्हेंबरमध्ये काढलेली क्रेडिट नोट नोव्हेंबरच्या रिटर्नमध्ये जाते आणि ते रिटर्न भरलं जातं डिसेंबरमध्ये, म्हणजे मुदत उलटल्यावर. खरी मुदत ऑक्टोबरचीच. क्रेडिट नोट ३१ ऑक्टोबरच्या आत निघाली पाहिजे, तर ती ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये ११ नोव्हेंबरला जाईल. नाहीतर पार्टीला पैसे कमी करून द्यायचेच, पण १४,४०० चा जीएसटी आपल्या खिशातून.

आमच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यामुळे क्रेडिट नोटलाही आयआरएन काढावा लागतो. दिवाळीची साफसफाई चालू होती, कामगारांच्या बोनसच्या पाकिटांवर नावं लिहून होत होती. त्या धावपळीत २९ ऑक्टोबरला दोन्ही क्रेडिट नोटा निघाल्या. फर्मला १४,४०० वाचले. चार्ज द्यायला म्हणून उतारे मागवले नसते तर हे ३० नोव्हेंबरनंतर कधीतरी निघालं असतं, आणि तेव्हा मी पुण्याला असते.

नवा मुलगा भाऊबीज झाल्यावर आला. हातकणंगलेकडचा, बी.कॉम., एका टॅक्स प्रॅक्टिशनरकडे काम केलेला, टॅलीवर बोटं भराभर चालणारी. रिटर्न भरायला त्याला काही शिकवावं लागलं नाही. म्हणून मी त्याला रिटर्न शिकवलंच नाही. ९४,४०० चं प्रकरण कोऱ्या कागदावर त्याच्यापुढे ठेवलं, नुसता फरकाचा आकडा आणि दोन उतारे, आणि म्हटलं, शोध. दुपारपर्यंत त्यानं त्यांच्या उताऱ्यातल्या डेबिट नोटा ओळखल्या. मग थांबला. "मॅडम, माल खरंच परत आला का हे कुठं बघायचं?" म्हटलं, चल. त्याला गेटवर नेलं, वॉचमनशी ओळख करून दिली, रजिस्टर दाखवलं, शेडच्या मागे केसिंग दाखवली. स्टोअरच्या माणसाला त्याच्यासमोर सांगितलं की रिजेक्शनची गाडी आली की चलनाचा फोटो याला पाठवायचा. टॅलीत जे दिसतं ते त्याला येतंच, टॅलीत जे दिसत नाही ते कुठं असतं हे दाखवणं म्हणजे चार्ज, असं माझं मत झालं आहे.

त्यासाठी मी एक वही केली होती. त्यात नियम लिहिले नाहीत, ते कुठंही मिळतात. पार्टीनिहाय खोडी लिहिल्या. अमुक ट्रान्सपोर्टवाला बिल महिन्याच्या शेवटी एकदम आणून देतो, त्यावर रिव्हर्स चार्जनं जीएसटी आपण भरायचा, विसरू नको. तमुक जॉबवर्कवाल्याकडे गेलेलं कास्टिंग वर्षाच्या आत परत आलं पाहिजे, नाहीतर ते ज्या दिवशी पाठवलं त्या दिवसाची विक्री धरली जाते. हा मनुष्य माल ठेवून घेतो, म्हणून दर तिमाहीला त्याची चलनं जुळव. एका फाउंड्रीचे मालक पेमेंटसाठी स्वतः येतात, त्यांना चहा द्यायचा आणि अण्णांकडे पाठवायचं, तारीख आपण द्यायची नाही. मुलानं ते शेवटचं वाक्य वाचून विचारलं, "हे पण हँडओव्हरमध्ये येतं?" म्हटलं, सगळ्यात आधी येतं.

मोबाइल नंबरचं प्रकरण मात्र वहीत मावणारं नव्हतं. २०१७ मध्ये जीएसटी पोर्टलवर कुणाचा नंबर टाकायचा असा प्रश्न आला तेव्हा अण्णा म्हणाले होते, "ताईंचा टाका. मला मशीनच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही." सोयीचं होतं. अधिकृत सही अण्णांची आणि ओटीपी माझ्या फोनवर. आम्ही भागीदारी फर्म असल्यानं रिटर्न ओटीपीवर भरता येतं, त्यामुळे सगळा कारभार एका फोनवर चालायचा. आता तो फोन पुण्याला निघाला होता. तसाच राहिला असता तर दर महिन्याच्या २० तारखेला मी पुण्यात मीटिंगमध्ये आणि शिरोलीचा मुलगा "मॅडम, आला का?" विचारत फोनवर. त्यापेक्षा वाईट म्हणजे, माझ्या हातात नसलेल्या कामाची किल्ली माझ्याच खिशात.

नंबर बदलणं अवघड नाही. पोर्टलवर नॉन-कोअर अमेंडमेंटमध्ये जायचं, अधिकृत सही करणाऱ्याच्या नोंदीत नवा मोबाइल आणि मेल टाकायचा, त्या दोन्हीवर ओटीपी येतात ते भरायचे. याला अधिकाऱ्याच्या मंजुरीची गरज नसते. अट एकच: अर्ज सादर करताना पुन्हा ओटीपी लागतो, आणि तो जुन्या नंबरवर येतो. म्हणून हे जुना नंबर शेजारी असतानाच करायचं. माणूस गेल्यावर, त्याचं सिम बंद झाल्यावर हेच काम करायचं तर जीएसटी कार्यालयात अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. आम्ही फर्मच्या नावानं नवीन सिम घेतलं, साधा बटणाचा फोन घेतला आणि तो हिशेबाच्या केबिनमध्ये ठेवला. सगळीकडे तोच नंबर: जीएसटी, आयकर, टीडीएसचं ट्रेसेस, पीएफ, ईएसआय. माणसं बदलतील, फोन केबिनमध्ये राहील. बँकेत मी पेमेंट तयार करायचे आणि अण्णा मंजूर करायचे. माझं ते युजर नाव बंद करायचं पत्र मी स्वतःच टाइप करून अण्णांच्या सहीला दिलं. शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक पासवर्ड मुलाला बदलायला सांगितला, मी खिडकीकडे तोंड करून बसले. त्याला ते फारच नाटकी वाटलं असावं. पण उद्या काही झालं तर "ताईंना पासवर्ड माहीत होता" असं म्हणायला जागा नको, त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

माझ्या स्वतःच्या हिशेबाचं काय, हा मजेचा भाग. फर्ममधल्या प्रत्येक जाणाऱ्याचा शेवटचा हिशेब मीच करत आले होते, आणि अण्णा म्हणाले, "काढा की तुम्हीच, तुम्हाला नाही तर कुणाला येतंय?" मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० होते. ग्रॅच्युइटीचं गणित १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला १५,०००. नोकरी सात वर्षं आणि वर तीन महिने. सहा महिन्यांच्या आतलं तुटक धरत नाहीत, म्हणून सात. एक लाख पाच हजार. तोंडी हिशेब. तरी मी तो मुलाकडून कागदावर करून घेतला आणि सीएंच्या ऑफिसकडून तपासून आणला. स्वतःच्या नावाचं व्हाउचर स्वतः बनवून स्वतःच पास करून घेणं म्हणजे अगदी सरळ व्यवहारालाही संशयाची जागा ठेवणं. अर्जही रीतसर नमुना 'आय' मध्ये दिला. अण्णांनी चेकवर सही करताना आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "सात वर्षं झाली व्हय?"

डिसेंबरात मी पुण्याला गेले. २० तारखेचं ३बी मुलानं पहिल्यांदा एकट्यानं भरलं. आदल्या संध्याकाळी सातला फोन आला: २बी मध्ये एका फाउंड्रीचं बिल दिसत नाही, इनपुट घेऊ का? म्हटलं, २बी मध्ये नाही तर या महिन्यात नाही. फाउंड्रीला फोन कर, त्यांनी ते पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये टाकलं की मग घे. त्याला उत्तर माहीत होतं, फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. सुरुवातीचे बहुतेक फोन असेच असतात. डिसेंबरच्या शेवटी वार्षिक रिटर्नसाठी दोनदा मोठा फोन झाला. मी कागद-पेन घेऊन बसले, पण लॉगिन मागितलं नाही आणि त्यानंही दिलं नाही. अण्णांनी एकदा थेट विचारलं, "ताई, तेवढं एक तुम्हीच भरून टाकता का तिकडून?" म्हटलं, "अण्णा, मेल काढून बघा." त्यांनी खरंच काढून बघितला. मराठीत होता, त्यामुळे कुणाला विचारावं लागलं नाही.

पीएफची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. डिसेंबरच्या पगाराची वर्गणी भरताना माझी सोडण्याची तारीख नोंदवायची होती. १५ जानेवारीला संध्याकाळी मुलाचा फोन.

"मॅडम, तारीख टाकली, चौदा डिसेंबर. खाली कारण विचारतंय. निवृत्ती आहे, मृत्यू आहे, कायमचं अपंगत्व आहे."

"त्यात सेसेशन आहे बघ."

"आहे. तेच टाकू?"

"तेच."

मागून अण्णांचा आवाज आला. मुलगा हसायला लागला.

"मॅडम, अण्णा विचारतायत, त्यात 'पुण्याला गेली' असं नाही का कुठं?"